एकनाडी आणि द्विर्द्वादश दोन्ही निघालं. स्थळ सोडायचं का?

रानजाई
धाकट्या बहिणीला रत्नागिरीकडचं स्थळ आलंय. मुलगा, घर, नोकरी सगळं पसंत. दोघं दोनदा भेटले, तासन्तास बोलले. मग पत्रिका आमच्या गुरुजींकडे नेल्या. मुलाचं मृग नक्षत्र पहिला चरण, वृषभ रास. बहिणीचं मृगच, पण तिसरा चरण, मिथुन रास. गुरुजींनी पंचांगाच्या मागच्या कोष्टकावर बोट ठेवून सांगितलं, "गुण २०, पण नाडी एक, वर राशींचं द्विर्द्वादश. पुढे बोलू नका." चहासुद्धा अर्धाच प्यायले.
आई तेव्हापासून गप्प आहे. बाबा म्हणतात, १८ च्या वर आहेत ना, मग झालं. बहीण म्हणते, मला विचारलंय का कुणी. जाणकारांना एवढंच विचारायचंय की हे दोन दोष खरोखर कधी धरतात आणि कधी सोडून देतात? "पत्रिका बघूच नका" हा सल्ला मला पटतो, पण आईला पटणार नाही. तेव्हा पत्रिकेच्या भाषेतलंच उत्तर हवंय.

बंडूनाना
नाडी बघायची तर थेट तमिळनाडूत वैदीश्वरन कोइलला जा. अंगठ्याचा ठसा देतात, त्यावरून ताडपत्री शोधतात. माझ्या मेव्हण्याची निघाली होती, वडिलांचं नावसुद्धा बरोबर सांगितलं.

तिखटमीठ
नाना, ती नाडी वेगळी. इथे आद्य-मध्य-अंत्य चाललंय.

सांजवेळ
माझं वाचन थोडं आहे, पण इतकं माहीत आहे की गुण २५ च्या वर गेले की नाडीदोष आपोआप रद्द होतो. तुमचे २० आहेत, म्हणून अडचण. आणि नाडी म्हणजे मुळात रक्तगटच. एक नाडी म्हणजे एक रक्तगट, म्हणून मुलांना त्रास होतो. पूर्वजांना हे आधीच कळलं होतं.

काचपट्टी
सांजवेळ, मी रोज रक्तगट काढते, तोच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. नाडी ठरते जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून, आणि चंद्र साधारण एका दिवसात नक्षत्र बदलतो. आज जन्मलेल्या सगळ्या बाळांची नाडी जवळपास एकच असते. त्यांचे रक्तगट एक असतात का? नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्याने काही बिघडत नाही. बघायचं असतं ते आरएच. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात लक्ष ठेवावं लागतं आणि अँटी-डीचं इंजेक्शन देतात. लग्नाआधी काही तपासायचंच असेल तर दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. ती पत्रिकेत दिसत नाही.

गणकमित्र
रानजाई, घाई नको. मी गुरुजी नाही. शाळेत गणित शिकवायचो, निवृत्तीनंतर पत्रिकांचं गणित हा छंद आहे. फळं सांगत नाही.
आधी सांजवेळ यांच्या पहिल्या वाक्याबद्दल. एकूण गुणांचा आणि नाडीदोष रद्द होण्याचा संबंध नाही. नाडीचे ८ आणि राशिकूटाचे ७ गुण असतात, आणि दोन्ही कूटांत एक तर पूर्ण गुण किंवा शून्य. वधूवरांचं नक्षत्र, रास दोन्ही एक असेल तर बाकी सातही कूटांत पूर्ण गुण मिळतात आणि नाडीत शून्य. बेरीज २८ येते. लोक २८ बघून पेढे आणायला धावतात आणि नाडी शून्य आहे हे वाचतच नाहीत. याच्या उलट १९ गुण असलेल्या पत्रिकेत नाडी, राशिकूट दोन्ही स्वच्छ असू शकतात. म्हणून बेरीज शेवटी बघावी, आधी ते शून्य कुठे पडलंय ते बघावं.
आता तुमची केस. मुहूर्तचिंतामणीच्या विवाहप्रकरणात नाडीच्या अपवादाचा श्लोक आहे, आणि निम्मे गुरुजी तो पाठ म्हणतील. रास एक पण नक्षत्र वेगळं असेल, किंवा नक्षत्र एक पण रास वेगळी असेल, तर नाडीदोष धरत नाहीत. दोन्ही एकच असतील पण चरण वेगळे असतील तरी चालतं. तुमच्याकडे नक्षत्र एक आहे आणि रास वेगळी. म्हणजे अपवाद अगदी शब्दशः बसतो. फक्त कोष्टकाला अपवाद कळत नाही. तिथे मध्य आणि मध्य दिसलं की शून्य छापलेलं असतं.
पण त्याआधी एक सांगा. दोन्ही पत्रिका कुणी केल्या आणि कोणत्या पंचांगावरून?

रानजाई
बहिणीची मावशीच्या ओळखीतल्या एकांनी पुण्यात केली, संगणकावरची आहे. मुलाची त्याच्या आजोबांनी हातानं लिहिलेली आहे. पिवळा पडलेला जाड कागद, कोपऱ्यांना हळदीचे डाग, वर 'श्री' आणि शके १९१७. कोणतं पंचांग ते लिहिलेलं नाही. त्याचं राशीनाव वेणीमाधव आहे, यावर बहीण दोन दिवस हसत होती. तिचं स्वतःचं कावेरी निघालंय ते मात्र कुणाला सांगत नाही.

सुपारीवाला
रत्नागिरी आणि हातानं लिहिलेली? गणकमित्र, तुमच्या मनात आलं तेच माझ्याही आलं. आमच्याकडे अजून टिळक पंचांगच चालतं. ज्या वर्षी अधिक महिना वेगळा येतो त्या वर्षी आमचा गणपती तुमच्याआधी महिनाभर बसतो किंवा तुमच्यानंतर, आणि मुंबईचे पाहुणे रजा कधी घ्यायची म्हणून वैतागतात.

गणकमित्र
तेच. रानजाई, पत्रिकेत 'अयनांश' शब्द शोधा. बहुतेक वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. १९ आहे की २३? आणि ग्रहस्पष्ट दिले असतील तर चंद्रापुढचे तीन आकडे लिहा.

रानजाई
मुलाकडून फोटो मागवला. "अयनांश १९" आणि पुढे काही पुसट. चंद्र १।२५।१० असं आहे. इष्ट घटी १२ पळे ४० असंही आहे, त्याचा अर्थ मला लागला नाही. बहिणीच्या पत्रिकेत अयनांश २३ आहे आणि चंद्र २।१।०५.

गणकमित्र
सापडलं. तुम्ही दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या लांब्या एकमेकींशी ताडून बघताय.
आकाशातला चंद्र दोन्ही पंचांगांत तिथेच असतो, भांडण राशीचक्र कुठून सुरू करायचं यावर आहे. टिळक पंचांग रेवतीतल्या एका ताऱ्यापासून धरतं, बाकी बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या हिशोबाने. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो, आणि तेवढं अंतर जायला चंद्राला सात-साडेसात तास लागतात. म्हणून एकाच बाळाचं नक्षत्र एका पंचांगात पुढचं आणि दुसऱ्यात मागचं येऊ शकतं.
मुलाचा चंद्र १।२५।१०, म्हणजे एक रास पूर्ण करून दुसऱ्या राशीत, वृषभेत, २५ अंश १० कला. मृग वृषभेच्या २३ अंश २० कलांवर सुरू होतं. म्हणून आजोबांनी मृग पहिला चरण लिहिला, अक्षर 'वे', आणि म्हणून वेणीमाधव. बरोबरच लिहिलंय. पण बहिणीची पत्रिका २३ अयनांशांची आहे. तिच्याशी ताडायचं तर मुलाचे ४ अंश वजा करायला हवेत. उरले २१ अंश आणि वर काही कला. तिथे मृग नाही, रोहिणीचा चौथा चरण आहे. आणि रोहिणीची नाडी अंत्य.
म्हणजे बहिणीच्या पंचांगाने दोघांची नाडी एक नाहीच.
गुण पुन्हा मोजले. नाडीचे ८ मिळाले. योनी दोन्हीकडे सर्पच राहते, कारण रोहिणी आणि मृग दोघांची योनी सर्प. गणात एक गुण कमी होतो, मुलगा आता मनुष्यगणी आणि मुलगी देवगणी. २० चे २७ झाले. कोष्टक बदललं की अर्धा-एक गुण इकडेतिकडे होतो, त्यावर भांडू नका.
इष्ट घटी म्हणजे सूर्योदयापासून गेलेला वेळ. एक घटी २४ मिनिटांची. १२ घटी ४० पळे म्हणजे ५ तास ४ मिनिटं. सकाळी सव्वासहाच्या आसपास उजाडलं असेल तर जन्म साधारण सव्वाअकराचा. इस्पितळाच्या कागदावर काय वेळ आहे ते विचारा.

रानजाई
इस्पितळाच्या कागदावर ११.२५ आहे!! दहा मिनिटांचा फरक. याने काही बिघडतं का?

गणकमित्र
नाही. चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकतो. मुलगा मृगाच्या सीमेपासून दोन अंश आत आहे, म्हणजे जवळजवळ चार तास. दहा मिनिटं काय, तासभर चुकला असता तरी रोहिणी सुटत नाही. बहीण वृषभ-मिथुनाच्या सीमेपासून एक अंश पुढे आहे, तिला दोन तासांची सवड. एखाद्याचा चंद्र सीमेवर दहा-पंधरा कलांवर असेल तेव्हा मात्र जन्मवेळेची खात्री करून घेतल्याशिवाय नाडीवर बोलूच नये. तशा पत्रिका येतात आणि लोक त्याच नेमक्या रबरासारख्या ताणतात.

खडीसाखर
माझं विचारू का मध्येच? मुलाला कडक मंगळ आहे आणि मुलीला सौम्य. चालेल का?

तिखटमीठ
वेगळा धागा काढा हो. इथे आधीच दोन पंचांगं भांडतायत.

पोथीवाचक
गणकमित्र यांचं गणित ठीक आहे. पण एक बाजू राहिली. नाडी सुटली तरी वृषभ-मिथुन हे द्विर्द्वादश उरतंच. राशिकूट शून्यच आहे.

गणकमित्र
उरतं, आणि त्याचाही अपवाद आहे. दोन्ही राशींचा स्वामी एक असेल किंवा स्वामी मित्र असतील तर दुष्ट राशिकूट चालतं. वृषभेचा शुक्र, मिथुनेचा बुध, दोघं परस्परांचे मित्र. म्हणूनच ग्रहमैत्रीत ५ पैकी ५ मिळालेत. एकाच कोष्टकात एका ओळीत पाच आणि दुसऱ्या ओळीत शून्य, आणि दोन्ही ओळी त्याच दोन राशींबद्दल.

पोथीवाचक
पण तुम्ही अट गाळताय. हा अपवाद देताना तिथेच म्हटलंय की नाडी आणि नक्षत्र शुद्ध असेल तर. म्हणजे राशिकूटाची सूट नाडीवर टांगलेली आहे. आधी नाडी स्वच्छ हवी, मगच शुक्र-बुधाची मैत्री कामाला येते. आमच्या घरी चार पिढ्या हेच बघत आल्या. वडील म्हणायचे, राशिकूट एकटं आलं तर बोलून सुटतं, नाडीला घेऊन आलं तर दार लावून घ्या.

गणकमित्र
अट मान्य. तिच्यामुळेच नाडीचा दोष राशिकूटापेक्षा जड धरतात, नुसत्या ८ आणि ७ च्या फरकामुळे नाही. चित्रापक्षाने इथे नाडी वेगळी आहे, म्हणून अट पुरी होते.

पोथीवाचक
आणि टिळकांनी?

गणकमित्र
टिळक पंचांगाने मुलगी ४ अंश पुढे जाईल. ५ अंश मिथुन, मृग चौथा चरण. मुलगा मृग पहिला, वृषभ. नक्षत्र एक, रास वेगळी, नाडीदोष नाही.

पोथीवाचक
नाडीदोष नाही म्हणजे नाडी शुद्ध आहे असं नव्हे. दोष माफ झाला, नाडी एकच राहिली. माफ झालेल्या नाडीवर राशिकूटाची सूट उभी करता येते का? माझ्या मते नाही.

गणकमित्र
माझ्या मते येते. दोष धरायचाच नसेल तर तो अशुद्धी कसा? पण इथे प्रामाणिकपणे मतभेद आहेत, हे मान्य.

सुपारीवाला
आमच्या काकांचं या प्रश्नावर दोन गुरुजींशी वाजलं होतं. लग्न झालं, मुलं झाली, दोन्ही गुरुजी जेवून गेले.

नारळीपाक
आमच्यात मृत्यूषडाष्टक. मी कर्केची, हे कुंभेचे. २२ वर्षं झाली. लग्न आम्हीच ठरवलं, पत्रिका नंतर सासूबाईंनी बघितली आणि आठवडाभर जेवल्या नाहीत. आता त्याच म्हणतात, हिचं नि माझं षडाष्टक आहे, त्याच्याशी नाही.

सांजवेळ
षडाष्टकातही प्रीतीषडाष्टक असतं ना? मेष-वृश्चिक, वृषभ-तूळ. ते चालतं म्हणतात.

पोथीवाचक
हो, कारण मेष-वृश्चिक दोन्ही मंगळाच्या आणि वृषभ-तूळ दोन्ही शुक्राच्या. स्वामी एकच. मिथुन-मकर, कर्क-धनु, सिंह-मीन, कन्या-कुंभ याही प्रीतीतच मोजतात. कर्क-कुंभ मात्र नाही, नारळीपाक यांची सासू घाबरली ते परंपरेला धरूनच. आता बावीस वर्षांनी मी काय बोलणार.

शिवारकर
आमच्याकडच्या गुरुजींनी सांगितलं की नाडीदोष फक्त ब्राह्मणांना लागतो, बाकीच्यांनी बघायचा नाही. आम्ही शेतकरी. खरं का?

पोथीवाचक
असं वचन आहे खरं. ब्राह्मणांना नाडी, क्षत्रियांना वर्ण, वैश्यांना गण आणि उरलेल्यांना योनी. पण आज सगळ्यांना छापील आठही कूटं लावली जातात.

तिखटमीठ
म्हणजे जातीप्रमाणे दोष. आणि दक्षिणा?

शिवारकर
दक्षिणा सगळ्यांना सारखीच लागली.

गणकमित्र
आणखी एक वचन फिरतं की काही नक्षत्रांना नाडीदोषच नाही. रोहिणी, आर्द्रा, मृग, पुष्य, श्रवण, रेवती, उत्तराभाद्रपदा, आणि मधे 'इन्द्राग्नी' असा शब्द आहे. कुणी तो ज्येष्ठा आणि कृत्तिका असा फोडतं, कारण त्यांच्या देवता इंद्र आणि अग्नी. कुणी म्हणतं विशाखा, कारण तिची देवता इंद्राग्नी ही जोडी. एका शब्दाच्या फोडीवर कुणाचं लग्न ठरतं, कुणाचं मोडतं. मी हे वचन आधाराला घेत नाही. ते धरलं तर तक्त्याचा मोठा भाग गळून पडतो आणि नाडी बघण्यात अर्थच राहत नाही.

पायरीवरची
मी बारा वर्षं वधूवर सूचक केंद्रात फाइली लावते. "कधी धरतात" याचं माझ्या टेबलावरून दिसणारं उत्तर वेगळं आहे. नक्षत्रं २७ आणि प्रत्येक नाडीत ९, म्हणजे कोणतंही स्थळ घ्या, तिनात एकदा नाडी एक निघणारच. इतक्या वेळा निघणारी गोष्ट नकाराला फार सोयीची. मुलगी सावळी वाटली, पगार कमी वाटला, घर भाड्याचं निघालं, तर तसं तोंडावर कोण बोलणार? "पत्रिका जुळत नाही हो" म्हटलं की दोन्हीकडचा मान राहतो. जन्मवेळ, जन्मगाव न विचारता दुसऱ्या दिवशी नाडीचा निरोप आला तर समजायचं की पत्रिका उघडलेलीच नाही. आणि ज्यांना स्थळ हवंच असतं ते स्वतः तीन गुरुजी फिरतात, अपवाद शोधून आणतात. रानजाई, मुलाकडच्यांनी पत्रिकेचा फोटो लगेच पाठवला ना? ते मला अयनांशापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

हळदकुंकू
आम्हाला एकांनी नाडीदोषासाठी सोन्याची नाडी दान आणि महामृत्युंजय जप सांगितला होता, सगळा मिळून २१ हजार. नंतर दुसऱ्यांनी बघितलं तर नक्षत्र एक आणि चरण वेगळे, दोषच धरत नव्हता. पैसे गेले ते गेलेच.

पोथीवाचक
दान सांगितलेलं आहे, पण ते दोष ठरल्यावर. आधी चरण विचारले होते का त्यांनी?

हळदकुंकू
नाही. नुसतं नक्षत्र विचारलं.

रानजाई
आज गुरुजींकडे पुन्हा गेले होते. दोन्ही फोटो आणि गणकमित्र यांनी सांगितलेले अंश कागदावर लिहून नेले. त्यांनी चष्मा वर करून 'अयनांश १९' दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे मी बघितलंच नव्हतं." त्यांच्या पंचांगाने मुलाचं रोहिणी त्यांनीही काढलं, चौथा चरण, आणि "नाडीचं माझं काही म्हणणं नाही" असं आईला स्वतः सांगितलं. द्विर्द्वादशाबद्दल मात्र म्हणाले, स्वामी मित्र आहेत, तरी मी लिहून देणार नाही, तुम्ही ठरवा.
आईने वेगळाच प्रश्न काढलाय. लग्नानंतर घरात टिळक पंचांग चालणार की आपलं? गणपती कधी बसणार? मुलाचे वडील रविवारी येतायत. ते टिळकवाले, आणि पोथीवाचक म्हणतात तो मुद्दा त्यांनी काढला तर काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सुपारीवाला
गणपतीचं सोपं आहे, दोनदा मोदक. पोथीवाचकांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पोथीवाचक
मुलाच्या वडिलांना विचारा, आजोबांनी नातवाच्या पत्रिकेखाली काही शेरा लिहिलाय का. जुने लोक तळाशी लिहून ठेवत, कोणत्या नक्षत्राची मुलगी टाळावी. फोटोत खालचा भाग कापला गेलाय बहुतेक.

रानजाई
खरंच कापला गेलाय. पूर्ण कागदाचा फोटो मागवते.